लग्नाचा ॲडव्हान्स देण्यापूर्वी: पैसे मागणारा खरोखर त्याच कार्यालयाचा आहे का, हे कसे तपासावे

गेल्या वर्षी पितृपंधरवडा संपता संपता माझ्या भाचीचे लग्न ठरले. बहीण आणि मेहुणे पुण्यात राहतात, मुलाकडची बहुतेक मंडळी नाशिक, सिन्नर आणि निफाडकडची, त्यामुळे लग्न नाशिकात करायचे आणि कार्यालयाची शोधाशोध मात्र पुण्यात बसून मोबाइलवर करायची, अशी स्थिती होती. मेहुण्यांना छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे, म्हणजे आम्ही नाशिककर अजूनही ज्याला औरंगाबाद रोड म्हणतो त्या रस्त्यावरचे, एक लॉन्स नकाशावर सापडले. दिलेल्या नंबरावर त्यांनी फोन केला. समोरचा माणूस अदबीने बोलला, डिसेंबरमधली हवी ती तारीख शिल्लक असल्याचे त्याने सांगितले, भाडे १,८०,००० रुपये सांगितले आणि दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर लॉन्सचे फोटो, जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र, स्वतःचे आधार कार्ड आणि पैसे भरण्याचा क्यूआर कोड पाठवला. आणखी एक पार्टी त्याच तारखेसाठी थांबली असल्याने संध्याकाळी पाचपर्यंत ३०,००० रुपये टोकन आले तर तारीख तुमची, असा त्याचा निरोप होता. पैसे पाठवण्यापूर्वी मेहुण्यांचा मला फोन आला, "दादा, तुम्ही तिथेच आहात, एकदा डोळ्यांनी बघून या ना."

मी गेलो. लॉन्स जागेवर होते, फोटोत दिसत होते तसेच होते. कार्यालयात बसलेल्या मॅनेजरनी मात्र तो नंबर आमचा नाही असे सांगितले, आणि रजिस्टर उघडून दाखवले तेव्हा ती तारीख जूनमध्येच गेलेली होती. त्या महिन्यात असे टोकन भरून आलेले आमच्या आधीचे एक कुटुंब त्यांच्या दारातून रडत परत गेले होते.

ही हकिकत सविस्तर सांगण्याचे कारण असे की यात कार्यालय खरे होते, फोटो खरे होते आणि जीएसटीचे प्रमाणपत्रही खरे होते. फक्त फोन उचलणाऱ्या माणसाचा त्या जागेशी काहीही संबंध नव्हता. म्हणून "असे कार्यालय आहे का?" एवढे तपासून काम भागत नाही. पैसे मागणारा त्या कार्यालयाचाच माणूस आहे का, पैसे कार्यालयाच्याच खात्यात जाणार आहेत का, आणि ती तारीख त्याच्या हातात खरोखर मोकळी आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. केटरर आणि फोटोग्राफरच्या बाबतीतही प्रश्न हेच असतात, फक्त उत्तरे वेगळ्या ठिकाणी सापडतात.

नंबर कोणाचा, हे आधी ठरवा

नकाशावरच्या नोंदीत दिसणारा फोन नंबर मालकानेच टाकलेला असतो, असा आपला समज असतो, पण ही नोंद कोणीही वापरकर्ता दुरुस्ती सुचवून बदलू शकतो. ज्या कार्यालयाच्या मालकाने आपली नोंद स्वतःच्या ताब्यात घेतलेली नसते, तिथे नंबर बदलला गेला तरी त्याला महिनोन्महिने पत्ता लागत नाही, कारण त्याची बहुतेक गिऱ्हाइके ओळखीपाळखीतून आणि आचारी, मांडववाल्यांकडून येतात. याशिवाय शोधाच्या निकालात सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिराती असतात, आणि कार्यालयाच्या नावाने दुसऱ्यानेच उघडलेली इन्स्टाग्राम किंवा फेसबुकची पाने असतात.

म्हणून फोन करण्यापूर्वीच नंबर किमान दोन स्वतंत्र वाटांनी मिळवावा. सर्वांत सोपी वाट त्याच नकाशात असते आणि ती फारशी कोणी वापरत नाही. नोंदीखाली पाहुण्यांनी टाकलेले फोटो असतात. मालकाचे म्हणून टाकलेले देखणे फोटो बाजूला ठेवून, लग्नाला आलेल्या कोणीतरी गाडी लावताना किंवा कमानीखाली उभे राहून काढलेले साधे फोटो उघडावेत आणि बोटांनी मोठे करून पाहावेत. प्रवेशद्वाराच्या फलकावर, किंवा भिंतीवर रंगवलेल्या पाटीवर, बहुधा दोन मोबाइल नंबर लिहिलेले असतात. आमच्या लॉन्सच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वीच्या एका फोटोत वधू-वरांच्या नावाच्या फुलांच्या पाटीमागे मूळ फलक अर्धा झाकलेला होता, तरी शेवटचे सहा आकडे स्पष्ट वाचता येत होते, आणि नोंदीतल्या नंबराशी त्यांचा एकही आकडा जुळत नव्हता. हे काम मी घरून निघण्यापूर्वी केले असते तर फेरी वाचली असती.

दुसरी वाट माणसांची. त्या लॉन्सवर काम केलेला एखादा मांडववाला, बँडवाला किंवा आचारी शोधून त्याच्याकडून मॅनेजरचा नंबर मागावा. पंचवटी, नाशिकरोड, सिडको, कुठेही मांडवाच्या दुकानात विचारले तर शहरातल्या बहुतेक कार्यालयांचे नंबर मिळतात. परगावच्या माणसाने नाशिकमधल्या एखाद्या नातेवाइकाला हे एक काम सांगितले तरी पुरेसे आहे.

मिळालेले नंबर एकमेकांशी जुळले नाहीत तर फलकावरच्या नंबराला फोन करून, नकाशावर दिसणारा नंबर तुमचाच का, एवढे सरळ विचारावे. खरा मालक या प्रश्नाने रागावत नाही, उलट आपल्याला नुकसान कुठून होते आहे हे त्याला कळते.

फोनवर काय विचारावे

भाडे आणि तारीख यांची उत्तरे कोणीही देऊ शकतो. जागा रोज पाहणाऱ्यालाच ठाऊक असेल असे विचारावे. स्वयंपाकाची जागा जेवणाच्या हॉलच्या कोणत्या बाजूला आहे, टेम्पो थेट तिथपर्यंत जातो का, लाइट गेल्यावर जनरेटर कोणता भाग चालवतो आणि डिझेलचे पैसे वेगळे असतात का, वधूपक्षाच्या खोल्या तळमजल्यावर आहेत की जिना चढावा लागतो, आदल्या दिवशी ताबा किती वाजता मिळतो. खरा मॅनेजर ही उत्तरे न थांबता देतो, बऱ्याचदा विचारल्यापेक्षा जास्तच सांगतो. बनावट माणूस "सगळी सोय आहे, काळजीच करू नका" या एका वाक्यात सर्व प्रश्न गुंडाळतो.

त्यानंतर एकच गोष्ट म्हणावी: "उद्या सकाळी अकराला आमचे नातेवाईक जागा पाहायला येतील, तेव्हा पैसे देऊन पावती घेतील." या वाक्यावर काय उत्तर येते ते महत्त्वाचे. आमच्या मेहुण्यांनी मी सांगितल्यावर हे विचारले तेव्हा पलीकडून आधी साहेब बाहेरगावी गेल्याचे, मग जागेवर रंगकाम चालू असल्याचे आणि शेवटी टोकनशिवाय आम्ही जागा दाखवत नाही, असे उत्तर आले. रिकामे कार्यालय दाखवायला पैसे मागणारा कार्यालयवाला मी नाशकात तरी पाहिलेला नाही. लगीनसराईच्या दिवसांत तारखेची घाई खरी असू शकते आणि चांगले कार्यालय दोन तासांत जाऊही शकते, पण घाई खरी असली तर जागा पाहण्याला विरोध नसतो.

कोणीही जाऊ शकत नसेल तर त्याच क्षणी व्हिडिओ कॉल मागावा आणि फाटकाच्या फलकापासून चालत कार्यालयाच्या टेबलापर्यंत यायला सांगावे. आधी चित्रित करून पाठवलेला व्हिडिओ चालत नाही, कारण तो दुसऱ्या कोणाच्या पानावरून उचललेला असू शकतो.

जागेवर गेल्यावर

जाणाऱ्या माणसाने हॉलची सजावट पाहण्याआधी कार्यालयातले रजिस्टर पाहावे. बहुतेक लॉन्सवर अजूनही लांबट, लाल कापडी बांधणीचे रजिस्टर असते आणि त्यात प्रत्येक तारखेसमोर पक्षाचे नाव, गाव, फोन आणि आलेली रक्कम लिहिलेली असते. मॅनेजरनी मला त्यातली एक पद्धत समजावून दिली. पेन्सिलने लिहिलेले नाव म्हणजे नुसती विचारणा, शाईने लिहिलेले म्हणजे पैसे आले. आपल्या तारखेसमोर पेन्सिलचे नाव असेल तर ते कोणाचे आणि कधीपर्यंत थांबायचे ठरले आहे, हे तिथेच विचारून घ्यावे. आपण पैसे दिल्यावर आपले नाव शाईने, रकमेसह, आपल्यासमोर लिहून घ्यावे. संगणकावर नोंद ठेवणारी कार्यालये आता वाढली आहेत. तिथे पडद्यावरची नोंद दाखवायला सांगण्यात गैर काही नाही.

कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन मिनिटे थांबावे. इथे शेवटचे लग्न कधी झाले, मालक कोण, जागा स्वतःची की चालवायला घेतलेली, हे तिथे सहज कळते. या शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. शहराच्या कडेची अनेक लॉन्स शेतजमिनीच्या मालकाकडून काही वर्षांच्या कराराने चालवायला घेतलेली असतात. चालवणाऱ्याचा करार तुमच्या लग्नापूर्वी संपत असेल तर त्याने प्रामाणिकपणे घेतलेला ॲडव्हान्ससुद्धा अडचणीत येतो, कारण नवा चालवणारा जुन्या पावत्या मानायला बांधील आहे की नाही, यावर वाद सुरू होतो. म्हणून कराराची मुदत कधीपर्यंत आहे, हे स्पष्ट विचारावे आणि लग्न आठ-दहा महिने दूर असेल तर जागामालकाशीही एकदा बोलून घ्यावे. गट नंबर कळला तर सातबारावर जागामालकाचे नाव bhulekh.mahabhumi.gov.in या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. सातबाऱ्यावरचे नाव आणि चालवणाऱ्याचे नाव वेगळे असणे हा दोष नाही, मात्र ते वेगळे का आहे, याचे उत्तर मिळाले पाहिजे.

त्याच भेटीत अग्निसुरक्षेचा कागद पाहायला मागावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अशा इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, ज्याला 'नमुना ब' म्हणतात, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. फसवणुकीशी याचा थेट संबंध नाही. पण परवानग्यांवरून कार्यालयावर ऐन हंगामात कारवाई झाली तर आपली तारीख जाते, आणि हा कागद लगेच काढून दाखवणारा मॅनेजर बाकीचे व्यवहारही बहुधा नीट ठेवत असतो.

पैसे कोणाच्या खात्यात जातात

खरी तपासणी इथे आहे, आणि ती पाच मिनिटांत होते. समोरच्याकडून जीएसटी क्रमांक मागावा. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी 27, आणि त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे नोंदणीधारकाचा पॅन क्रमांक. पॅनमधले चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, P असेल तर नोंदणी एका व्यक्तीच्या नावाची, F असेल तर भागीदारी संस्थेची आणि C असेल तर कंपनीची असते. मग gst.gov.in उघडून `Search Taxpayer` या भागात तो क्रमांक टाकावा. तिथे नोंदणीचे कायदेशीर नाव, व्यवसायाचे नाव, नोंदणीची तारीख, ती सध्या चालू आहे की रद्द झाली आहे आणि व्यवसायाचा मुख्य पत्ता, असे सर्व दिसते.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि तिथेच चूक होते. आमच्या प्रकरणात पाठवलेले प्रमाणपत्र पूर्ण खरे होते. जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे, त्यामुळे भिंतीवरच्या चौकटीचा फोटो कोणीही काढू शकतो. कागद खरा निघाल्याने कार्यालय अस्तित्वात असल्याचे कळते. कागद पाठवणारा त्या कार्यालयाचा आहे, हे त्यातून कळत नाही. आधार कार्डाच्या फोटोचेही तसेच आहे, ते चोरीचे किंवा दुसऱ्याच फसवलेल्या माणसाचे असू शकते.

म्हणून जीएसटीच्या पानावर दिसलेले कायदेशीर नाव कागदावर लिहून घ्यावे आणि मग यूपीआय ॲपमध्ये त्याने दिलेला क्यूआर स्कॅन करून किंवा आयडी टाकून, रक्कम न भरता, पडद्यावर कोणाचे नाव येते ते पाहावे. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपनी पैसे मिळणाऱ्याचे बँकेच्या नोंदीतलेच नाव दाखवायचे असा नियम लागू झाला आहे, त्यामुळे आयडी कितीही कार्यालयासारखा दिसला तरी पैसे भरण्याच्या पडद्यावरचे नाव खात्याचे असते. आयडीतल्या अक्षरांवर मुळीच विसंबू नये, ती हवी तशी घेता येतात. बँकेतून एनईएफटी करणार असाल तर तिथेही खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकल्यावर खातेदाराचे नाव पाहण्याची सोय एप्रिल २०२५ पासून आली आहे.

मेहुण्यांनी हे करून पाहिले तेव्हा चित्र असे दिसले. जीएसटीच्या पानावर व्यवसायाचे नाव लॉन्सचे होते, कायदेशीर नाव नाशिकच्या एका गृहस्थांचे होते आणि जीएसटी क्रमांकातले सहावे अक्षर P होते, म्हणजे मालकीचा व्यवसाय. क्यूआर स्कॅन केल्यावर मात्र भलत्याच माणसाचे नाव आले, आणि आधार कार्डावर तिसरेच. तीन कागदांवर तीन माणसे. विचारल्यावर "ते आमचे अकाउंटंट आहेत" असे उत्तर मिळाले. हे उत्तर फार ठिकाणी ऐकू येते. मुलगा, पुतण्या, अकाउंटंट, भागीदार. कधी ते खरेही असते, कारण छोट्या व्यवसायात मुलाच्या खात्यावर पैसे घेण्याची सवय आहेच. अशा वेळी वाद घालू नये, पैसे फक्त व्यवसायाच्या खात्यात किंवा नोंदणीवरच्या नावाच्या खात्यातच भरू, असे सांगावे. ज्याचा धंदा खरा आहे तो दुसरा खाते क्रमांक देतो.

समोरचा माणूस जीएसटी नोंदणीच नाही म्हणाला तर तेवढ्यावरून त्याला खोटे ठरवू नये. सेवा देणाऱ्या व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी बंधनकारक नसते, आणि एकटा काम करणारा फोटोग्राफर किंवा लहान आचारी बऱ्याचदा या मर्यादेत बसतो. पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावत असेल तर तिथून उठावे. मोठे लॉन्स हंगामात नोंदणीशिवाय चालते, असे सांगितले तर त्यावर सहज विश्वास ठेवू नये.

रोखीचा आग्रह झाला तर आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. आयकर कायद्याप्रमाणे एका समारंभासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, मग ती हप्त्यांनी दिलेली असली तरीही. ॲडव्हान्स रोख द्यावाच लागला तर कार्यालयात बसून, छापील पावतीवर सही-शिक्का घेऊनच द्यावा.

केटरर

कार्यालय पक्के होण्याआधी केटररला पैसे देऊ नयेत. अनेक कार्यालयांत बाहेरच्या केटररला परवानगी नसते, किंवा त्यासाठी वेगळे शुल्क असते, आणि हे नंतर कळले तर केटररला दिलेला ॲडव्हान्स अडकतो.

केटररच्या बाबतीत हाताशी धरायचा क्रमांक म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा. तो १४ आकड्यांचा असतो. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर लहान व्यवसायाची नोंदणी. foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर तो टाकून व्यवसायाचे नाव, पत्ता आणि सद्यःस्थिती पाहता येते. इथेही वरचीच गोष्ट लागू आहे: त्या पत्त्यावर जाऊन स्वयंपाकघर पाहावे. ५०० पानांचे काम घेणाऱ्याकडे मोठी पातेली, भट्ट्या, टेम्पो आणि धान्य ठेवायची खोली दिसली पाहिजे. सगळे भाड्याने आणतो, असे कोणी म्हणाला तर ते अशक्य नाही, पण मग काम नक्की कोण करणार, आचारी कोण, याचे नाव आणि नंबर मागावा.

चव पाहण्यासाठी बोलावल्यावर दहा माणसांसाठी केलेले जेवण बहुतेक वेळा चांगलेच असते. त्यापेक्षा त्याच्या चालू कामावर जावे. येत्या आठवड्यात कुठे काम आहे, असे विचारावे आणि यजमानांच्या परवानगीने दुपारी एकच्या सुमारास, पंगत किंवा बुफे ऐन भरात असताना, दहा मिनिटे स्वयंपाकाच्या मागच्या बाजूला उभे राहावे. वाढपी किती आहेत, गरम पोळ्या संपल्यावर किती वेळ लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो स्वतः किंवा त्याचा जबाबदार माणूस तिथे आहे का, हे दिसते. मोठ्या मुहूर्ताला एकच केटरर तीन-चार ठिकाणची कामे घेतो. आपल्या तारखेला त्याच्याकडे आणखी किती कामे आहेत, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ज्याच्याकडे एकही चालू काम दाखवायला नाही आणि तरी तो हंगामातल्या तारखेसाठी निम्मी रक्कम आगाऊ मागतो, त्याच्यापासून दूर राहावे.

फोटोग्राफर

फोटोग्राफर सापडतो तो बहुधा इन्स्टाग्रामवर, आणि तिथे चोरी सर्वांत सोपी असते, कारण विकायची वस्तू म्हणजे फोटोच. पानावरचे तीन-चार फोटो निवडून गूगल लेन्सने शोधावेत. तोच फोटो जयपूर किंवा कोचीच्या एखाद्या स्टुडिओच्या पानावर त्यांच्या शिक्क्यासह सापडला तर चौकशी तिथेच संपली. पार्श्वभूमीही पाहावी. नाशिकमध्ये काम करणाऱ्याच्या फोटोंत गंगापूर धरणाचा किनारा, गोदाघाट, त्र्यंबक रस्त्यावरचे डोंगर किंवा शहरातली ओळखीची कार्यालये दिसायला हवीत. सगळी लग्ने राजवाड्यांतली आणि एकही मुंडावळ्या बांधलेला नवरदेव नाही, असे पान मला शंकास्पद वाटते.

पानाच्या नावावर बोट ठेवल्यावर `About this account` असा भाग अनेकदा उघडतो. त्यात ते खाते कधी उघडले आणि नाव किती वेळा बदलले, हे दिसते. पाचदा नाव बदललेले, हजारो अनुयायी असलेले पान बऱ्याचदा दुसऱ्या कशासाठी वाढवून विकत घेतलेले असते.

मात्र चोरीपेक्षा जास्त वेळा घडणारी गोष्ट वेगळी आहे. स्टुडिओ खरा असतो, फोटो त्याचेच असतात, पण लग्नाच्या दिवशी येतो तो ऐनवेळी बोलावलेला रोजंदारीचा मुलगा. माझ्या चुलतभावाच्या लग्नात हेच झाले. ज्याचे काम पाहून ७५,००० रुपयांना ठरवले होते तो त्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात होता, आणि मंगलाष्टकांनंतरची माळ घालतानाची दृश्ये आम्हाला अंधारी आणि हललेली मिळाली. म्हणून निवडक तीस फोटो पाहून न थांबता एकाच लग्नाचा संपूर्ण संच, तीनशे-चारशे फोटोंचा, पाहायला मागावा, आणि त्या कुटुंबाचा फोन नंबर त्यांच्या संमतीने घेऊन दोनच प्रश्न विचारावेत: प्रत्यक्ष कोण आले होते, आणि अल्बम ठरलेल्या वेळी मिळाला का? मग पावतीत किंवा व्हॉट्सॲपवरच्या लेखी संदेशात कॅमेरा धरणाऱ्याचे नाव घालून घ्यावे.

पावती

पावतीवर रक्कम आणि तारीख एवढेच लिहून चालत नाही. कार्यालयाच्या पावतीवर लग्नाची इंग्रजी तारीख, ताबा मिळण्याची आणि सोडण्याची वेळ, हॉल आणि लॉन यांपैकी काय घेतले, एकूण भाडे, दिलेला ॲडव्हान्स, उरलेली रक्कम कधी द्यायची, लाइट, डिझेल आणि साफसफाईचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, आणि लग्न रद्द झाल्यास किंवा तारीख बदलल्यास किती रक्कम परत मिळणार, हे सर्व असावे. पावतीवरचे नाव आणि जीएसटी क्रमांक आपण आधी तपासलेल्या नोंदीशी जुळतात का, हे सही होण्यापूर्वी पाहावे. पहिल्या ॲडव्हान्सची रक्कम मागितली त्यापेक्षा कमी करून घेण्याचा प्रयत्न करावा, कारण फसवणूक झालीच तर आपण गमावतो ती रक्कम तेवढीच असते.

पैसे गेल्याचे लक्षात आले तर

संबंध नसलेल्या माणसाने पैसे घेतले आणि फोन बंद केला, तर ती सायबर फसवणूक आहे. त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा आयडी आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवावेत. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्यापूर्वी ते रोखता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून आधी त्या माणसाला शंभर फोन करून विनवण्या करण्यात घालवलेला तास महाग पडतो. परतावा देतो म्हणून त्याने नवा क्यूआर पाठवला आणि पिन टाकायला सांगितले, तर टाकू नये; पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

व्यावसायिक खरा आहे, पण तारीख दुसऱ्याला देऊन ॲडव्हान्स परत करत नाही, तर मार्ग वेगळा आहे. आधी लेखी मागणी करावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करावी आणि तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नाशिकच्या कार्यालयाविरुद्ध माझ्या मेहुण्यांना पुण्यातही करता आली असती. सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

आमच्याकडे ती वेळ आली नाही. त्याच मॅनेजरनी रजिस्टर चाळून आठ दिवस पुढची एक तारीख सुचवली, जिच्यासमोर नाव पेन्सिलने लिहिलेले होते. त्यांनी माझ्यासमोर त्या पक्षाला फोन केला, त्यांनी नको म्हटल्यावर नाव खोडले, आणि २,२०,००० रुपये भाड्यापैकी ५०,००० मेहुण्यांनी पुण्यातून नोंदणीवरच्या नावाच्या खात्यात भरले. पडद्यावर तेच नाव आल्याचा स्क्रीनशॉट मला आला, तेव्हा मॅनेजरनी पेन उघडून भाचीचे नाव लिहिले. निघताना मी त्यांना नकाशावरची नोंद आपल्या ताब्यात कशी घ्यायची ते दाखवले, आणि आठवडाभरात तिथला नंबर बदललेला दिसला.